नळ न जोडता ओट्यावरचा डिशवॉशर: पाच लिटर पाण्यात काय निघतं, काय नाही

प्रश्न: मालाडला भाड्याच्या वन बीएचकेत राहतो, घरात चौघं. ओटा लहान आहे आणि मालक नळाचं काही काम करू देत नाहीत. पाणी सकाळी दीड तास येतं, मग दिवसभर पिंप आणि बादल्या. हाताने पाणी भरायचा छोटा डिशवॉशर घेतला तर आपल्या जेवणाची भांडी खरंच निघतात का? कढई-कुकर त्यात जातो का? आणि सांडपाणी कुठे सोडायचं?

उत्तर:

ताटं, वाट्या, पेले, चमचे आणि डाव निघतील, आणि नीट लावलेत तर छान निघतील. कढई, कुकर आणि तवा मात्र हातानेच घासायचे, हे आधी मनाशी पक्कं करा आणि मगच मशीन बघायला जा. माझ्या कामात ज्या घरांतून ‘मशीन काही कामाचं नाही’ अशी तक्रार येते, तिथे बहुतेक वेळा मशीन ठीक असतं. त्यात पातेली कोंबलेली असतात. तुमच्याकडे हे कितपत जमेल ते दोन गोष्टींवर ठरेल: तुमच्या ताटांचा व्यास आणि पिंपात येणारं पाणी कुठलं आहे. दोन्ही घरबसल्या तपासता येतात, कसं ते पुढे सांगतो.

आधी हे मशीन पाणी कसं वापरतं ते समजून घ्या, कारण बाकीचं सगळं त्यातूनच निघतं. या प्रकारच्या मशीनची टाकी साधारण ५ लिटरची असते, पण ते पाचही लिटर भांड्यांवर एकदम पडत नाहीत. एक फेरी तीन-चार टप्प्यांत होते. आधी नुसत्या पाण्याने खळबळणं किंवा थेट डिटर्जंटची मुख्य धुलाई, मग एक किंवा दोन विसळण्या, आणि शेवटची विसळणी गरम पाण्याची. प्रत्येक टप्प्यासाठी मशीन टाकीतून साधारण सव्वा ते पावणेदोन लिटर पाणी आत घेतं. ते तळाशी साचतं, पंप ते खेचतो, खालच्या फिरत्या पंख्याच्या भोकांतून वर उडवतो, ते भांड्यांवर आपटून पुन्हा खाली येतं, जाळीतून गाळलं जातं आणि परत पंपात जातं. टप्पा संपला की ते पाणी बाहेर फेकलं जातं आणि नवीन घेतलं जातं.

म्हणजे मुख्य धुलाईच्या वेळी तुमची सगळी भांडी त्याच दीड लिटर पाण्यात पुन्हा पुन्हा धुतली जात असतात. नळाखाली घासताना घाण वाहून जाते, इथे ती टप्पा संपेपर्यंत आतच फिरते. एका वाटीत दोन चमचे तर्री राहिली असेल तर ती त्या वाटीपुरती राहत नाही, चारही पेल्यांवर तिचा हात फिरतो. त्यामुळे भांडी आत ठेवण्याआधी खरवडणं हा या मशीनच्या वापरातला सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे. त्यासाठी रबरी उलथनं सगळ्यात उत्तम. वाटीतली तर्री, ताटाच्या कडेची चटणी, कढीपत्त्याची पानं, भाताची शितं हे सगळं कचऱ्याच्या डब्यात जाऊ दे. नळाखाली धरून आधी धुऊन मग मशीनमध्ये ठेवायची गरज नाही. तसं केलंत तर पाणी दुप्पट लागेल आणि मशीन घेण्यात अर्थ उरणार नाही. अपवाद दोनच आहेत: वरण किंवा खीर वाळून चिकटलेली वाटी आणि दुधाच्या सायीचा थर असलेला पेला. त्यांत जेवण झाल्या झाल्या अर्धा कप पाणी ओतून ठेवा आणि मशीन लावायच्या वेळी ते ओतून टाका. भाताचा आणि वरणाचा स्टार्च वाळला की कागदाला लावलेल्या खळीसारखा घट्ट बसतो. तो सुटायला वेळ लागतो, आणि छोट्या मशीनची झटपट फेरी तेवढा वेळ देत नाही.

आता कढईचं. कढई उलटी ठेवलीत तर ती पंख्यावर झाकणासारखी बसते. पाणी तिच्या आतल्या बाजूवर आपटतं आणि खाली येतं, बाकीच्या भांड्यांपर्यंत पोहोचतच नाही. बऱ्याच छोट्या मशीनना पाणी उडवणारा पंखा एकच, तळाशी असतो, त्यामुळे वरून मदत मिळत नाही. कढई किंवा पातेलं सुलटं ठेवलंत तर प्रकार आणखी बिघडतो, कारण त्यात पाणी साठतं. अर्धा लिटर पाणी पातेल्यात अडकलं की दीड लिटरपैकी एक लिटरच फिरायला उरतं. मग पंप हवा खेचायला लागतो, उडणाऱ्या पाण्याचा जोर जातो आणि आतून येणारा एकसारखा सळसळ आवाज मध्येच थांबून गुरगुर ऐकू येते. एखादी वाटी सुलटी राहिली तरी ती शंभर-दीडशे मिलिलिटर पाणी धरून बसते. चार वाट्या सुलट्या पडल्या तर पातेल्याइतकंच नुकसान. म्हणून गुरगुर ऐकू आली की मशीन थांबवा, वाफ निवू द्या, दार उघडा आणि कुठलं भांडं पाण्याने भरलंय ते बघा.

धातूचाही प्रश्न आहे. या मशीनचं डिटर्जंट क्षारयुक्त असतं आणि पाणी गरम असतं. अॅल्युमिनियम त्यात काळं पडतं, म्हणजे अॅल्युमिनियमचा कुकर आणि त्याचं झाकण बाद. लोखंडी तवा-कढईवर वापरून वापरून बसलेला तेलाचा थर उतरतो आणि लगेच गंज धरतो. बिडाचंही तसंच. पितळ आणि तांबं डागाळतं, लाकडी पोळपाट-लाटणं फुगून तडकतं, नॉनस्टिकचा लेप हळूहळू जातो. मिक्सरचं भांडं आत ठेवू नका, कारण पात्याखालच्या बेअरिंगमध्ये गरम पाणी आणि डिटर्जंट शिरलं की ते जाम होतं. राहतं काय? स्टील, काच, चिनी माती, मेलामाइनवर तसं लिहिलेलं असेल तर ते, आणि गरम पाणी सहन करणारं प्लास्टिक. आपल्या घरात रोजच्या जेवणाची भांडी जवळपास सगळी स्टीलचीच असतात, त्यामुळे या मशीनला आपलं ताट चांगलंच मानवतं.

पण ताट आत मावायला हवं. ही मशीन मुळात पसरट बशा डोळ्यासमोर ठेवून केलेली असतात. बाहेरून रुंदी, खोली आणि उंची प्रत्येकी ४२ ते ४७ सेंटिमीटरच्या आसपास असते, आणि आतली जागा बरीच कमी. २५-२६ सेंटिमीटरपर्यंतचं ताट बहुतेक मशीनमध्ये उभं राहतं. आपली काठाची जेवणाची ताटं बऱ्याचदा २८ ते ३० सेंटिमीटर भरतात, आणि तिथेच अडतं. ताट तिरपं करून कसंबसं आत घातलं तर त्याची खालची कड पंख्याला अडते, पंखा फिरत नाही आणि एकाच बाजूची भांडी धुतली जातात. म्हणून घरातलं सगळ्यात मोठं रोजचं ताट आणि एक वाटी पिशवीत घालून दुकानात न्या, रॅकमध्ये उभं करा, पंखा हाताने फिरवून बघा आणि दार लावून बघा. ऑनलाइन घेणार असाल तर आतली उंची विचारा. ‘इतक्या सेटिंगचं’ या आकड्यावर विसंबू नका, तो आकडा आपल्या ताट-वाटीवरून काढलेला नसतो. ताटं मोठी असतील तर रोजच्यासाठी १० इंची, सपाट काठाची चार ताटं घेणं हा स्वस्त उपाय आहे.

ओट्यावरची जागा मोजताना लोक फक्त रुंदी मोजतात. ओटा साधारण दोन फूट खोल असतो, म्हणजे मशीन त्यावर बसतं, पण दार पुढे आणि खाली उघडतं, आणि उघडल्यावर ते ओट्याच्या कडेबाहेर येतं. त्या जागी फ्रिजचं दार किंवा येण्याजाण्याची वाट असेल तर रोज अडखळायला होईल. वर बघायलाही विसरू नका. पाणी वरच्या तोंडातून ओतायचं असतं, तेव्हा जग तिरपा करायला मशीनच्या वर किमान फूटभर मोकळं हवं. टांगत्या कपाटाखाली मशीन सरकवलं की पाणी भरताना रोज ते पुढे ओढावं लागतं. शिवाय फेरी संपल्यावर दार उघडलं की वाफेचा लोट सरळ वर जातो, आणि प्लायवूडच्या कपाटाची खालची कड काही महिन्यांत फुगते. जागा तीच असेल तर मशीन पुढे ओढूनच दार उघडायची सवय लावा. पाणी आणि भांड्यांसकट वजन २०-२५ किलोपर्यंत जातं. कडप्प्याच्या किंवा ग्रॅनाइटच्या ओट्याला ते काहीच नाही, पण चाकाच्या हलक्या ट्रॉलीवर किंवा घडीच्या टेबलावर ठेवू नका. शेगडीपासूनही लांब ठेवा, नाहीतर आचेने बाहेरचं प्लास्टिक आणि दाराचं रबर खराब होतं.

सांडपाण्याला पाइपलाइन लागत नाही. मशीनच्या मागून साधारण दीड मीटरची लवचीक नळी येते, ती सिंकमध्ये सोडायची. पंप पाणी बाहेर फेकतो तेव्हा नळीला झटका बसतो आणि मोकळं तोंड सिंकबाहेर उडी मारतं. स्वयंपाकघरात पाणी झालं अशा तक्रारीत मी आधी नळीचं तोंड बघतो, मशीन नंतर. सोबत आलेली रबरी चकती ओल्या टाइलवर टिकत नाही. नळी नळाच्या मानेला प्लास्टिकच्या पट्टीने सैलसर बांधा, म्हणजे हलणार नाही आणि चेपणारही नाही. सिंक लांब असेल तर बादली चालते, पण ती १० लिटरची घ्या आणि प्रत्येक फेरीआधी रिकामी करा. पाच लिटरच्या बादलीत पाच लिटर सांडपाणी काठोकाठ येतं आणि उचलताना सांडतं. नळीचं तोंड बादलीतल्या पाण्यात बुडू देऊ नका, वरच्या काठालाच अडकवा. बुडालं तर पंप बंद झाल्यावर मळकं पाणी उलटं मशीनमध्ये ओढलं जाऊ शकतं. नळीचं तोंड जास्तीत जास्त किती उंचीवर चालेल ते मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं, ते पाळा. बाहेर येणारं पाणी चांगलंच गरम असतं, लहान मूल असेल तर बादली मोरीतच ठेवा.

विजेचं बघताना मशीनच्या मागच्या पट्टीवरचे वॅट वाचा. या आकाराची मशीन साधारण हजार वॅटच्या आसपास असतात, म्हणजे २३० व्होल्टला चार-साडेचार अँपियर. मशीनला मोठा तीन पिनांचा प्लग असेल तर तो पॉवर पॉइंटमध्येच लावा. कन्व्हर्टर लावून लहान सॉकेटला किंवा मिक्सर आणि ओव्हन जोडलेल्या एक्स्टेन्शन बोर्डाला लावू नका. पाणी गरम करताना हा भार बराच वेळ सलग राहतो, आणि सैल सॉकेट त्यात तापून वितळतं. जुन्या इमारतीत अर्थिंगची तार सॉकेटपर्यंत आलेली असते, पण पुढे कुठेच जोडलेली नसते. पाणी आणि वीज एकत्र असलेल्या या यंत्राला अर्थिंग हवंच, तेव्हा इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. मीटरपेटीशेजारी ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच, नसेल तर तो बसवायला मालकाला सांगा. तेवढ्याला भिंत फोडावी लागत नाही.

आता पाणी. मुंबईला महापालिकेचं पाणी तलावांमधून येतं: भातसा, तानसा, तिन्ही वैतरणा, विहार आणि तुळशी. हे पावसाचं साठवलेलं पाणी आहे, त्यामुळे ते मऊ असतं, म्हणजे त्यात क्षार कमी असतात, आणि या मशीनसाठी ही मोठी सोय आहे. बऱ्याच छोट्या मशीनमध्ये पाणी मऊ करायचा भाग आणि मिठाचा कप्पाच नसतो, आणि तलावाच्या पाण्याला तो लागतही नाही. अडचण येते ती टँकरच्या किंवा बोअरवेलच्या पाण्याने. सोसायटीची टाकी कधीकधी त्यानेही भरली जाते. ओळखायचं असं: स्टीलच्या ताटात पाणी ओतून उन्हात वाळवा. पांढरी रांगोळीसारखी खूण उरली आणि ती बोटाने पुसली जात नसेल, तर पाणी जड आहे. पाणी तापवायच्या किटलीच्या तळाशी पांढरा थर जमत असेल तरी तेच समजा. आरओ फिल्टरचं टाकाऊ पाणी बादलीत धरून ते मशीनला वापरू नका, त्यात मूळ पाण्यापेक्षा क्षार जास्त असतात. फरशीला ते चालेल, मशीनला नाही. आणि कप्पा नसलेल्या मशीनमध्ये मीठ टाकू नका. मीठ पाणी मऊ करत नाही, मऊ करणारं रेझिन ताजं करतं. रेझिनच नसेल तर ते नुसतं खारं पाणी होऊन स्टीलवर डाग पाडतं.

पिंपातलं पाणी वापरायला हरकत नाही. तळाशी गाळ बसलेला असतो, म्हणून वरचं पाणी घ्या आणि जगाच्या तोंडावर सुती फडकं धरून ओता. एक लिटरचा जग असेल तर पाच खेपा. मशीनची वीज चालू करूनच भरा, कारण बहुतेक मशीनमध्ये टाकी भरल्याची सूचना देणारा बीप विजेवरच वाजतो. बंद मशीनमध्ये अंदाजाने ओतत राहिलात तर पाणी काठावरून खाली, मागच्या तारांकडे जातं. बीप वाजला की थांबा.

डिटर्जंटमध्ये सगळ्यात जास्त चुका होतात. हाताने भांडी घासायचं लिक्विड किंवा साबण यात एक थेंबही नको. तो फेस करण्यासाठीच बनवलेला असतो. पंपात फेस गेला की तो पाणी ढकलू शकत नाही, धुलाई थांबते, आणि फेस दाराच्या रबरातून बाहेर येतो. चुकून पडलाच तर मशीन थांबवून पाणी बाहेर सोडायचा प्रोग्रॅम चालवा, आत अर्धा कप व्हिनेगर ओता, नवं पाणी भरून डिटर्जंटशिवाय झटपट फेरी घ्या आणि फेस दिसेनासा होईपर्यंत ती परत घ्या. आधी लिक्विड लावून घासलेलं, नीट न विसळलेलं भांडं आत ठेवलं तरी हाच प्रकार होतो. डिशवॉशरची पावडर घ्या. बाजारातल्या गोळ्या मोठ्या मशीनसाठी मापलेल्या असतात, एक गोळी साधारण १८-२० ग्रॅमची. दीड लिटर पाण्यात ती अख्खी टाकली की एक-दोन विसळण्यांत पूर्ण निघत नाही आणि वाट्यांवर बुळबुळीत पांढरी पूड राहते. तुमच्यासाठी पावडर ८ ते १० ग्रॅम, म्हणजे सपाट दीड-दोन चहाचे चमचे. नुसता चहा-नाश्ता असेल तर एक चमचा पुरे. पावसाळ्यात डबा घट्ट बंद ठेवा, मुंबईच्या दमट हवेत ती पावडर चार दिवसांत ढेकूळ होते आणि मग विरघळत नाही.

तुमच्या घरची एक रात्र धरू. पोळी, फ्लॉवर-बटाट्याची भाजी, वरण-भात, कोशिंबीर. चार ताटं, आठ वाट्या, चार पेले, चार चमचे, एक डाव, एक पळी आणि भातवाढणी. जेवण झालं की वरणाच्या वाट्यांत थोडं पाणी, बाकीचं उलथन्याने खरवडून डब्यात. कढई, कुकर आणि तवा बाजूला काढा. त्यांत गरम पाणी घालून ठेवा, तोवर मशीन लावून होईल.

ताटं मागच्या खाचांत उभी, जेवायची बाजू मध्याकडे, दोन ताटांत बोट जाईल एवढी फट. सगळ्यात खरकटं ताट मधल्या खाचेत, कारण तिथे पाण्याचा मारा जोरात असतो. वाट्या उलट्या, पण सपाट पालथ्या नकोत. थोड्या तिरप्या, म्हणजे तळाच्या खळग्यात पाणी राहत नाही. वाटीत वाटी बसवू नका. स्टीलच्या दोन वाट्या एकदा चिकटल्या की मधली जागा कोरडीच राहते, आणि उद्या सकाळी ‘आत वरण तसंच’ हे त्याचंच असतं. आठही वाट्या नीट बसत नसतील तर सहा ठेवा आणि कोशिंबिरीच्या दोन हाताने विसळून टाका. पेले कडेला, पालथे. चमचे टोपलीत, काही तोंड वर आणि काही तोंड खाली, म्हणजे एकमेकांत रुतत नाहीत. डाव आणि पळी वर आडवी, खोलगट बाजू खाली. लांब दांडा रॅकमधून खाली आला तर तो पंख्याला अडकतो, म्हणून शेवटी पंखा हाताने एक फेरा फिरवा. कुठेही टक होता कामा नये.

पावडर कप्प्यात, कप्पा नसेल तर दाराच्या आतल्या खळग्यात. पाणी भरा, नळी बघा, आणि तेलकट जेवणाला नेहमीचा किंवा गरम पाण्याचा प्रोग्रॅम लावा. तीसेक मिनिटांची झटपट फेरी चहाच्या कपांना आणि पेल्यांना ठीक आहे, भाजीच्या तेलाला नाही. तेल सुटायला साठ अंशांच्या आसपास पाणी लागतं, आणि डिटर्जंटमधले स्टार्च तोडणारे एन्झाइम पाणी हळूहळू तापत असताना काम करतात. त्यांना तो वेळ द्यावा लागतो. मशीनप्रमाणे ही फेरी तास-दीड तासाची किंवा जास्त असेल. दहाला लावलीत तर अकरा-साडेअकराला संपेल. सांडपाणी बादलीत सोडत असाल तर संपेपर्यंत जागे राहा. सिंकमध्ये नळी पक्की बांधलेली असेल तर झोपलात तरी चालेल, पण पहिला आठवडा तरी समोर थांबूनच बघा.

फेरी संपली की पाच मिनिटांनी दार चार बोटं उघडा. गरम स्टील आपल्याच उष्णतेने वाळतं. प्लास्टिकचा डबा ओला राहतो, कारण तो उष्णता धरून ठेवत नाही, त्यात मशीनचा दोष नाही. बंद दारात ठेवलीत तर पावसाळ्यात सकाळी सगळंच ओलं सापडेल.

मग जाळी. ही रोज, प्रत्येक फेरीनंतर काढायची. पंख्याखाली फिरवून निघते, नळाखाली धरून जुन्या टूथब्रशने घासायची. आपल्या जेवणात फोडणी असते, आणि मोहरी-जिऱ्याचे दाणे जाळीच्या कडेतून निसटून पंख्याच्या भोकांत जाऊन बसतात. दोन भोकं बुजली की पंखा हळू फिरतो आणि एका कोपऱ्यातली भांडी रोज खरकटी निघायला लागतात. रोज त्याच कोपऱ्यातली, हीच खूण. पंखा वर उचलून काढा, लाकडी टूथपिकने भोकं मोकळी करा, उजेडासमोर धरून बघा आणि हलवून आत दाणा वाजतो का ते ऐका.

पेल्यांवर पांढरी झाक आली तर तिचं कारण ओळखता येतं. हाताला बुळबुळीत लागली आणि पाण्याने गेली तर पावडर जास्त झाली होती. पाण्याने जात नाही पण व्हिनेगर लावलेल्या फडक्याने जाते, तर ते पाण्यातले क्षार. व्हिनेगरनेही जात नाही आणि पेला काचेचा आहे, तर काचच झिजली आहे, ती परत येत नाही. पावडर कमी करा आणि तो पेला हाताने धुवा. क्षारांसाठी महिन्यातून एकदा, टँकरचं पाणी येत असेल तर पंधरा दिवसांतून, वाण्याकडचं सायट्रिक अॅसिड २०-२५ ग्रॅम मशीनच्या तळाशी टाकून, भांडी न ठेवता गरम फेरी चालवा. त्याच फेरीत डिटर्जंट घालू नका. एक आम्ल, दुसरं क्षार, दोन्ही एकमेकांचं काम मारतात.

हळदीचं वेगळं आहे. प्लास्टिकच्या डब्यावर हळद तेलाबरोबर आत शिरते आणि या डिटर्जंटने पूर्ण जात नाही. क्षारात हळद लालसर होते, म्हणून पहिल्या फेरीनंतर डबा आणखी वाईट दिसतो. घाबरू नका. धुऊन खिडकीत उन्हात ठेवा, एक-दोन दिवसांत रंग उतरतो. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही. लोणच्याचा आणि आमटीचा डबा मात्र स्टीलचाच ठेवा.

खर्चाचा हिशेब तुमच्या घरावर अवलंबून आहे, तो मी सांगू शकत नाही. पाण्याचा सांगतो. सकाळचा नाश्ता-जेवण आणि रात्रीचं जेवण अशा दोन फेऱ्या धरल्या तर १० लिटर, शिवाय जाळी आणि कढई-कुकर हाताने धुवायला लागतील ते. म्हणजे पिंपातली एक लहान बादली मशीनसाठी बाजूला ठेवलीत की झालं. घरात रोज पोळी-भाजीपेक्षा पातेली जास्त निघत असतील, म्हणजे मोठा स्वयंपाक आणि ताटं कमी, तर हे मशीन घेऊ नका. त्याचा उपयोग ताट-वाटीला आहे.

मशीन घरी आल्यावर बदलून मिळायची मुदत असते तेवढ्यातच तीन गोष्टी तपासा. पहिली फेरी रिकामी, नुसत्या पाण्याची, मशीनखाली कोरडा वर्तमानपत्राचा कागद ठेवून. कागद ओला झाला तर गळती आहे, आणि कागद कुठे ओला झालाय त्यावरून ती दाराची की मागच्या नळीची ते कळतं. दुसरी, सांडपाणी बादलीत धरून मोजा. पाच लिटर भरलंत आणि साडेचार-पावणेपाच बाहेर आलं तर ठीक, थोडं तळाशी राहतंच आणि थोडं वाफ होऊन जातं. तीनच आलं तर पाणी कुठेतरी अडकतंय. तिसरी, ताट-वाट्या भरून एक पूर्ण फेरी, आणि शेवटी पांढऱ्या सुती फडक्याने वाट्यांचा आतला तळ पुसून बघा, फडक्यावर पिवळं उमटतंय का.

गणपतीला किंवा मे महिन्यात गावी जाताना टाकीत पाणी सोडून जाऊ नका. बाहेर सोडायचा प्रोग्रॅम चालवून टाकी रिकामी करा, जाळी धुऊन वाळवा, दाराच्या रबराच्या घडीतलं पाणी फडक्याने टिपा, नळी खाली करून तिच्यातलं पाणी काढा, प्लग ओढा, आणि दार लागू नये म्हणून मध्ये घडी केलेला टॉवेल ठेवा. परत आल्यावर पहिली फेरी भांड्यांशिवाय घ्या.